तले नव्हे, तळं

नोकरीला लागले त्या दिवशी फोर्टमधल्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये आम्ही अकराजण नवे बसलो होतो आणि माझा नंबर सातवा होता. साल 2007. विमा कंपनी, मोटर क्लेम्सचा विभाग. समोरच्या बाईंनी सांगितलं होतं, एकेक मिनिटात स्वतःची ओळख करून द्या, कुठल्याही भाषेत द्या. हे ‘कुठल्याही भाषेत’ ऐकायला फार बरं वाटतं. प्रत्यक्षात त्या दोन शब्दांनी सगळं ओझं बोलणाऱ्याच्या डोक्यावर येतं.

माझ्या आधीचे सहा इंग्रजीत बोलले. माझी इंग्रजी वाचण्यापुरती चांगली होती, पण बोलताना घसा कोरडा पडायचा. मराठीत बोलावं तर समोर लखनौ, कोची, सुरत आणि कोलकाता बसलेलं. म्हणून मी हिंदी धरली. म्हणाले, “मेरा नाम सुनीता है. मेरी शिक्षा महाड में हुई. हमारे महाड में चवदार तले है, वो बहुत प्रसिद्ध है.”

लखनौच्या मुलाने अगदी निरागसपणे विचारलं, “क्या तले?”

ठाण्याचा एकजण मदतीला धावला. “चवदार यानी टेस्टी,” म्हणाला. आता काय, टेस्टी आणि तले हुए! सगळी खोली हसली. माझ्या शेजारी बसलेल्या सोलापूरच्या मुलीने हळूच वेगळाच चिमटा काढला, “महाडला शिक्षा झाली? किती वर्षांची?” हिंदीतली ‘शिक्षा’ म्हणजे शिक्षण, मराठीतली म्हणजे तुरुंग. म्हणजे एका वाक्यावर हिंदीवाले हसले आणि दुसऱ्यावर मराठीवाले. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ज्या पाण्यासाठी माणसांनी डोकी फोडून घेतली, ते पाणी माझ्या तोंडून भज्यांची बशी होऊन बाहेर पडलं, हे मला बरेच दिवस लागून राहिलं.

त्यानंतर बदली, ट्रेनिंग, नवा साहेब, नवी शाखा अशा निमित्तांनी ही एक मिनिटाची ओळख मी चाळीस-पन्नास वेळा तरी दिली असेल. गेली काही वर्षं नव्यांच्या पहिल्या दिवशी मीच त्या खोलीत बसते आणि त्यांच्या ओळखी ऐकते. त्यातून जे कळलं ते खाली लिहिते.

1. आडनावावरून भाषा ओळखू नका, चहाच्या वेळी कान द्या

समोर कोण बसलंय ते कळल्याशिवाय भाषा निवडता येत नाही, हे कुणीही सांगेल. ते कळायचं कसं, हा खरा प्रश्न. बहुतेकजण हजेरीच्या कागदावरची आडनावं वाचतात आणि तिथेच फसतात. आमच्याकडे एक शेट्टी होते. जन्म मुलुंडचा, मराठी माझ्याहून स्वच्छ. एक नायडू नागपूरचे, ते जेवणाच्या डब्यावर बसले की अस्सल वऱ्हाडी. उलट एक कुलकर्णी बाई हुबळीच्या, घरात कन्नड. त्यांच्याशी सगळे हक्काने मराठीत सुरू व्हायचे आणि त्या बिचाऱ्या कसनुसं हसत बसायच्या.

मीटिंगच्या आधी चहा असतो. त्या दहा मिनिटांत माणूस फोनवर घरच्यांशी कुठल्या भाषेत बोलतो आणि शेजाऱ्याशी कुठल्या, हे ऐकू येतं. मला यादी करायची नसते. मला एकच माणूस शोधायचा असतो, ज्याला त्या खोलीतल्या चालू भाषा सगळ्यांत कमी येतात. भाषा त्याच्या हिशोबाने ठरवायची. नऊजणांना हिंदी येते आणि चेन्नईहून कालच बदलून आलेल्या एकाला येत नाही, तर चौकट इंग्रजीची. नऊजणांना इंग्रजी येते आणि एका जुन्या हेडक्लार्कना ती जड जाते, तर हिंदी किंवा मराठी.

हे मी मोठ्या तोऱ्यात सांगते खरी, पण यात मी एकदा चांगलीच तोंडावर आपटले. तेव्हा माझी इंग्रजी सुधारली होती. नव्या मॅनेजरसमोर मी छान, न अडखळता इंग्रजीत ओळख दिली. नंतर पॅन्ट्रीत पाणी प्यायला गेले तर चहाचे कप विसळताना शिपाईमामा म्हणाले, “ताई, तुम्ही मगाशी महाड म्हणालात का?”

मामा पोलादपूर तालुक्यातले. आंबेनळी घाटाच्या पायथ्याचं गाव. तीन वर्षं मला चहा देत होते आणि आम्ही दोघं शेजारच्या तालुक्यांतली आहोत, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. मीटिंगच्या वेळी ते दाराशी ट्रे घेऊन उभे होते. मी खोलीतली माणसं मोजली तेव्हा त्यांना धरलंच नव्हतं. माझ्या त्या गुळगुळीत इंग्रजीतून त्यांना एकच शब्द हाती लागला, महाड.

तेव्हापासून मी दारात उभा असलेला माणूसही मोजते.

2. क्रियापद एकाच भाषेचं ठेवा

मिसळू नका, असं मी म्हणत नाही. मिसळल्याशिवाय मुंबईत कुणी पाणीसुद्धा मागत नाही. पण मिसळण्याच्या दोन तऱ्हा आहेत, आणि एकीने माणूस समजतो तर दुसरीने हरवतो.

“मी मोटर क्लेम्स बघते. सर्व्हेअरचा रिपोर्ट आला की फाइल माझ्याकडे येते.” यात मोजायला गेलं तर इंग्रजी शब्द मराठीच्या जवळजवळ बरोबरीने आहेत. तरी हे वाक्य मराठी आहे, कारण ‘बघते’ आणि ‘येते’ मराठी, विभक्तीचे प्रत्यय मराठी आणि शब्दांचा क्रमही मराठी. ऐकणारा एका रुळावर असतो. येणारे इंग्रजी शब्द म्हणजे त्या रुळावरचे डबे.

आता हे बघा: “मी अ‍ॅक्च्युअली क्लेम्स में हूँ अँड आय लुक आफ्टर की सर्व्हे रिपोर्ट आला ना, तो फिर वो…” हे मी बनवून लिहिलेलं नाही, थोड्याफार फरकाने दर महिन्याला ऐकते. इथे दर चार शब्दांनी रूळ बदलतो. मराठी माणसाला वाटतं हिंदी येतंय, हिंदीवाल्याला वाटतं इंग्रजी येतंय, आणि चेन्नईकराने ‘आय लुक आफ्टर’नंतर कान टवकारलेले असतात तोवर गाडी निघून गेलेली असते. असं बोलणाऱ्याला तिन्ही भाषा येत असतात, गंमत म्हणजे चांगल्याच येत असतात. घाबरल्यावर तिन्ही एकदम तोंडात येतात, एवढंच.

यावर माझा साधा उपाय आहे. भाषा बदलायची तर पूर्णविरामावर बदलायची. वाक्य संपवा, श्वास घ्या, मग दुसऱ्या भाषेचं पूर्ण वाक्य बोला. आणि ज्यावाचून तुमचं काम अडेल ते, म्हणजे नाव, विभाग आणि कुठल्या कामासाठी माझ्याकडे यायचं, हे सगळं एकाच भाषेत, सगळ्यांना कळणाऱ्या. दुसऱ्या भाषेत तेवढंच सांगा, जे न कळलं तरी कुणाचं नुकसान होणार नाही.

एक गोष्ट राहिली. आपण मराठी माणसं हिंदी बोलताना अवघड जागी बेधडक मराठी शब्द घालतो, कारण तो संस्कृत असतो आणि हिंदीतही असेलच असं वाटतं. मी एकदा “अपघात के क्लेम” म्हणाले आणि लखनौवाला दचकला. त्याच्यासाठी ती दुर्घटना किंवा सरळ एक्सिडेंट. जिथे शंका येईल तिथे इंग्रजी शब्द घ्यावा. त्यात भाषेचा अपमान वगैरे काही नाही.

3. गावाच्या नावाचं भाषांतर करून पाहा, आणि मग करू नका

त्या पहिल्या फजितीनंतर मी ठरवलं, पुढच्या वेळी तळ्याचं नीट भाषांतर करायचं. इंग्रजीत शोधायला लागले तर जुन्या कागदांत सगळीकडे ‘चवदार टँक’. कोर्टाच्या निकालातही टँकच. मग मीही म्हणाले, चवदार टँक. ऐकणाऱ्या पवईच्या पोरीने विचारलं, “ओव्हरहेड?” तिच्या डोळ्यांसमोर सोसायटीच्या गच्चीवरची काळी टाकी आली होती.

चूक तिची नव्हती. आपल्या देशी इंग्रजीत टँक म्हणजे तलाव, हा अर्थ आता फक्त पाट्यांवर उरलाय. मुंबईत रोज हजारो माणसं सी. पी. टँकला उतरतात, आणि 1942 साली ‘छोडो भारत’ची सभा झाली ती गवालिया टँकवर. तिथे एके काळी तळी होती, हे किती जणांच्या मनात येतं? दक्षिण मुंबईत वाढलेल्या आमच्या एका म्हाताऱ्या पारशी साहेबांना माझा टँक लगेच कळला. पवईच्या पोरीला नाही कळला.

मग ‘लेक’ म्हणून पाहिलं. लेक म्हटलं की लोक फिरायला जायचं ठरवतात, बोटिंग आहे का विचारतात. ‘पाँड’ म्हटलं की बदकं येतात. हिंदीत तालाब हा शब्द ठीक आहे, अर्थ बरोबर पोचतो, पण गावाचं नाव हरवतं. उद्या तो माणूस महाडला उतरला आणि तालाब विचारत फिरला तर कुणीतरी त्याला सांगेल, पण पाटीवर त्याला तो शब्द सापडणार नाही.

तेव्हा शहाणपण सुचलं ते असं. नाव जसंच्या तसं ठेवायचं, आणि त्याच्या मागे लगेच एक छोटं वाक्य जोडायचं, समोरच्याच्या भाषेतलं. “चवदार तळं. चव यानी स्वाद, तळं यानी तालाब.” संपलं. ही दोन पावलं उलटी टाकली, म्हणजे आधी तालाब आणि मग नाव, तर लोकांच्या लक्षात तालाब राहतो. नाव आधी यायला हवं.

आणि नाव घेताना ‘ळ’ सावकाश, जीभ मागे वळवून. कारण हा एक ‘ळ’ खोलीचे दोन भाग करतो. हिंदी आणि बंगाली बोलणाऱ्याच्या कानाला तो लागत नाही, तिथे त्याचा ‘ल’ होतो आणि तळ्याचे तले होतात. मी तर त्या दिवशी हिंदी बोलायचं म्हणून स्वतःच ‘तले’ म्हणाले होते. समोरच्याला सोपं जावं म्हणून आपलाच शब्द मोडला आणि मग तो कळेना! पण गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम या सगळ्यांत ‘ळ’ आहे. सुरतच्या मेहताबेनना तर भाषांतर लागलंच नाही, त्यांच्याकडे तळाव आहेच. कोचीच्या मुलाने दोनदा म्हणून पाहिलं, दोन्ही वेळा बिनचूक, आणि म्हणाला, आमच्याकडे कुळम. त्याच्या कुळममध्येही तोच ‘ळ’.

त्याने मला आणखी एक गोष्ट दाखवली जी माझ्या कधी लक्षात आली नव्हती. भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवर ‘केरळ’ छापलेलं होतं. हिंदीत केरल लिहितात. तो म्हणाला, मुंबईत आल्यापासून पहिल्यांदा माझ्या राज्याचं नाव कुणीतरी बरोबर लिहिलेलं बघतोय. तमिळचंही थोडंफार तसंच, हिंदीत तमिल, आपल्याकडे तमिळ. त्या दिवसापासून तो माझ्याशी इंग्रजीतच बोलायचा, पण चहाला सोबत यायचा.

‘चवदार’मधल्या ‘च’चं मात्र मी कुणाला काही सांगत नाही. तो आपला दाताला लागणारा च, चाकातला आणि चुलीतला. बाहेरचे लोक चहातला च लावतात. चालतं. एका नावात दोन-दोन अवघड अक्षरं शिकवत बसलं तर ओळख राहते बाजूला आणि मुळाक्षरांचा तास सुरू होतो.

4. ‘कोकणातली’ म्हणण्याआधी विचार करा

हा मुद्दा छोटा आहे. मी कोकणातली म्हटलं की बाहेरचे लोक विचारतात, मग तुम्ही कोंकणी बोलता? गोव्याच्या का? समजावता समजावता मिनिट संपतं. रायगड म्हटलं की छत्तीसगडचा माणूस खूश होतो, त्याच्याकडेही रायगढ आहे आणि तो जिल्हाच आहे. वडिलांच्या दाखल्यावर कुलाबा जिल्हा आहे, कारण 1981 पर्यंत जिल्ह्याचं नाव तेच होतं. एका बाईंनी तो कागद पाहून विचारलं, “अय्या, तुम्ही कुलाब्याला राहायचात? भाडं किती होतं?”

आता मी म्हणते: महाड, मुंबई-गोवा रस्त्यावर, रायगड किल्ल्याच्या जवळ. रस्ता सगळ्यांनी पाहिलेला असतो. निदान त्यावरचे खड्डे तरी ऐकलेले असतात.

5. ‘हम’ म्हणजे कोण, ते आधी ठरवा

यावर मला जरा थांबायचंय, कारण हे मला सगळ्यांत उशिरा कळलं.

मराठीत ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. आम्ही म्हटलं की समोरचा बाहेर, आपण म्हटलं की समोरचा आत. गुजरातीत हा भेद आहे, तमिळ, तेलुगू, मल्याळममध्ये आहे. हिंदीत नाही, इंग्रजीत नाही, बंगालीत नाही. तिथे एकच हम, एकच वुई. त्यामुळे मराठी माणूस हिंदीत गेला की त्याच्या हातातलं एक अवजार गळून पडतं आणि त्याला पत्ता लागत नाही.

पहिल्या दिवशी मी “हमारे महाड में” म्हणाले. गावापुरतं ते ठीक होतं. पुढे धीटपणा आल्यावर मी तळ्याची गोष्टही एका वाक्यात सांगायला लागले: “1927 में हमने वहां सत्याग्रह किया.” एकदा एका ट्रेनिंगमध्ये हे म्हटलं आणि मधल्या सुट्टीत एक गृहस्थ जवळ आले. फार गोड आवाजात विचारलं, “आपका पूरा नाम क्या है?” पूर्ण नाव त्यांना हजेरीच्या कागदावर दिसत होतं. त्यांना विचारायचं होतं ते दुसरंच. मी ‘हमने’ म्हटलं होतं ना, मग त्या ‘हम’मध्ये मी कुठल्या बाजूची, हे त्यांना मोजायचं होतं.

मी त्यांना उत्तर दिलं नाही, इथेही देणार नाही. पण रात्री घरी गेल्यावर तो ‘हम’ मी उलटसुलट करून पाहिला. 1923 साली मुंबई कायदेमंडळात सदस्य बोले यांनी मांडलेला ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. 1924 साली महाडच्या नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला, पण ते कागदावर राहिलं. 20 मार्च 1927 रोजी परिषदेला आलेले लोक डॉ. आंबेडकरांच्या मागून रांगेने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि परत निघालेल्या लोकांना मारहाण झाली. मग तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. पुढे प्रकरण कोर्टात गेलं, आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागायला 1937 चा मार्च उजाडला.

आता यात ‘आम्ही महाडचे’ म्हणजे कोण? पाणी प्यालेले बरेचसे बाहेरगावाहून चालत आलेले होते. मारणारे महाडचे होते. तळं खुलं करायच्या बाजूने उभे राहिलेले नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस तेही महाडचे. अडवायला कोर्टात गेलेले, तेही. ‘हमने सत्याग्रह किया’ हे वाक्य जिभेवर फार सहज येतं, पण महाडच्या माणसाला ते पूर्ण खरं बोलायचं तर त्याला ‘आणि आम्हीच मारलं’ असंही म्हणावं लागेल. एक मिनिटाच्या ओळखीत ते मावत नाही.

म्हणून मी कर्ता बदलला. आता म्हणते, “1927 में वहां लोगों ने पीने के पानी के हक़ के लिए सत्याग्रह किया, डॉक्टर आंबेडकर के साथ.” लोगों ने. ज्यांनी केलं त्यांचं श्रेय त्यांच्याकडे राहतं, आणि पूर्ण नाव विचारणाऱ्याला धरायला काही मिळत नाही. मराठी खोली असेल तर मात्र मी मुद्दाम ‘आपण’ वापरते: “आपण शाळेत वाचलंय ते चवदार तळं.” तिथे समोरच्याला आत घेता येतं, मग का सोडा?

बाबासाहेबांच्या भाषेचा विचारही तेव्हाच मनात आला. महाडच्या परिषदेत ते मराठीत बोलले. महाडनंतर दोनच आठवड्यांनी, 3 एप्रिल 1927 ला सुरू झालेलं ‘बहिष्कृत भारत’ मराठीत. 1930 साली लंडनच्या गोलमेज परिषदेत तोच माणूस त्याच प्रश्नावर इंग्रजीत उभा राहिला. ज्याच्याकडून काही हवंय त्याच्या भाषेत मागायचं आणि ज्यांना उभं करायचंय त्यांच्या भाषेत हाक मारायची, असा तो हिशोब मला दिसतो. आमच्या मोटर क्लेम्सच्या मीटिंगला हे मोजमाप लावणं जरा जास्तच आहे, हे मला कळतं.

6. तुम्हीचं ‘तुम’ करू नका

मराठीत ‘तुम्ही’ हा पुरेसा मान. अनोळखी माणसाला, साहेबाला, सासऱ्याला, सगळ्यांना तुम्ही चालतं. तोच हिंदीत नेताना जीभ सवयीने ‘तुम’वर घसरते, कारण दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटतात. मुंबईत वाढलेल्याला त्यात काही वाटत नाही. लखनौ-अलाहाबादकडच्या माणसाला मात्र पहिल्याच भेटीत ‘तुम’ म्हणजे खांद्यावर थाप मारल्यासारखं. मी आमच्या एका मोठ्या साहेबांना म्हणाले होते, “सर, तुम बैठो ना.” ते बसले. पण आठवडाभर माझ्या फायली त्यांच्या टेबलावर बसून होत्या. त्याचं कारण हेच होतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

हिंदी सुरू केली की आप. मग क्रियापदही ‘बैठिए’. आप बैठो हे मुंबईचं कडबोळं आहे, कानाला गोड, पण पहिल्या दिवशी नको.

7. आकडे इंग्रजीत

फोन नंबर, मजला, एक्स्टेंशन, साल. मराठीत एकोणऐंशी, हिंदीत उन्यासी, आणि हिंदीतलं नवासी म्हणजे आपलं एकोणनव्वद. हिंदी घरातल्या आजच्या पोरांनाही हे सांगता येत नाही. एकदा मी एक्स्टेंशन हिंदीत सांगितलं आणि दोन दिवस माझे फोन फायर विभागातल्या माणसाने घेतले. सेव्हन नाइन म्हणा आणि मोकळे व्हा.

8. माझी आत्ताची ओळख

गेल्या महिन्यात नऊ नवे आले होते. चहाच्या वेळी ऐकलं तर एकजण कोइमतूरचा, हिंदी जवळजवळ शून्य. म्हणून चौकट इंग्रजीची. मी जे बोलले ते असं:

“गुड मॉर्निंग. आय अ‍ॅम सुनीता, फ्रॉम मोटर क्लेम्स, थर्ड फ्लोअर, एक्स्टेंशन सेव्हन नाइन. वन्स द सर्व्हेअर्स रिपोर्ट इज इन, द फाइल कम्स टू मी. सो इफ अ क्लेम इज स्टक आफ्टर सर्व्हे, कम टू मी फर्स्ट.” इथे थांबले. कामाचं सगळं संपलं होतं.

मग: “आय अ‍ॅम फ्रॉम महाड, ऑन द गोवा हायवे. वुई आर नोन फॉर चवदार तळं. चवदार मीन्स गुड टू टेस्ट, तळं इज लाइक युवर कुळम.” हे शेवटचं कोइमतूरकडे बघून. तमिळमध्येही कुळमच. “इन नाइन्टीन ट्वेंटी-सेव्हन पीपल वेन्ट देअर विथ डॉक्टर आंबेडकर टू ड्रिंक द वॉटर, बिकॉज दे वेअर नॉट अलाउड टू.”

पुन्हा थांबले. आणि दाराकडे बघून मराठीत एकच वाक्य: “आणि हे आमचे मामा पोलादपूरचे, म्हणजे माझे शेजारीच, यांचा चहा घेतल्याशिवाय कुणी क्लेम पास करत नाही.”

‘वुई आर नोन फॉर’मधल्या ‘वुई’वर मी अजून समाधानी नाही. ‘द टाऊन इज नोन फॉर’ म्हणायला हवं. पुढच्या वेळी म्हणेन.

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि कप वाटायला लागले. कोइमतूरच्या मुलाला कप देताना त्यांनी त्याला मराठीत सांगितलं, “तळं म्हणजे तळं हां. चवदार तळं.” तो म्हणाला, “तळं.” मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली, आणि पुढच्या कपाकडे वळले. पुढचा मुलगा पाटण्याचा होता. तो म्हणाला, “तलं.”

“पुन्हा म्हण,” मामा म्हणाले, आणि कप तसाच हातात धरून उभे राहिले.